ब्लोअरच्या पंपाचा एकाच सिलिंडरचा डायफ्राम सारखा फाटतोय, कंपनीकडे वॉरंटी क्लेम कसा लिहू?

निफाडकर_बागायतदार

मंडळी नमस्कार. १८ जानेवारी २०२५ ला ट्रॅक्टरचा ६०० लिटरचा ब्लोअर घेतला, पंप तीन डायफ्रामवाला आहे, वॉरंटी एक वर्षाची. सप्टेंबरात पहिल्यांदा पंपाचं ऑइल पांढरं झालं, काचेत बघितलं तर ताकासारखं दिसायला लागलं, डीलरचा मिस्त्री आला, हेड खोललं, एका बाजूचा डायफ्राम फाटलेला होता, बदलून दिला. परत फाटला. परत बदलला. आता ऑक्टोबर छाटणी झालीय, फुटी निघाल्यात, वरून पाऊस, डावणीसाठी फवारणी रोखता येत नाही आणि तिसऱ्यांदा फाटला, आणि दर वेळेस त्याच सिलिंडरचा! बाकीचे दोन जानेवारीपासून तेच चालू आहेत, त्यांना काही झालेलं नाही.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणतो डायफ्राम झिजणारा पार्ट आहे, वॉरंटीत येत नाही, दोनदा दिला तो गुडविल म्हणून दिला. मला डायफ्राम नकोच आहे, तो चारपाचशे रुपयांचा पार्ट आहे, मी घेईन विकत. मला पंप नीट पाहिजे. ऑइल टाकीतल्या पाण्यात मिसळतं आणि ते कोवळ्या पानावर जातं, त्याचं नुकसान कोण भरणार?

दुसरी अडचण म्हणजे बिलावर फक्त "ट्रॅक्टर ब्लोअर ६०० लि., १ नग" एवढंच लिहिलंय, पंपाचा नंबर नाही. पंप बनवणारी कंपनी वेगळी, ब्लोअर जोडणारा वेगळा. ते म्हणतात हा पंप तुमच्याच ब्लोअरचा कशावरून. मेल कुणाला करू, काय लिहू, सोबत काय जोडू?

द्राक्षराज७७

भाऊ बोर्डो मारता का? बोर्डोतला चुना डायफ्राम खातो. आमच्याकडे पिंपळगावात चौघांचे गेले असेच. एक टक्क्याचं बोर्डो म्हणजे शंभर लिटरला किलोभर चुना, तो नीट गाळला नाही की पंपाची वाट लागते. कंपनी हेच म्हणणार आणि क्लेम जाईल, मी तर सांगतो नादी लागू नका, डायफ्रामचा चांगला सेट टाका आणि मोकळे व्हा.

तात्या_पंपवाले

द्राक्षराज, चुन्याचं अर्ध बरोबर आहे तुमचं. चुना जास्त करून व्हॉल्व आणि व्हॉल्वची सीट खातो, आणि सक्शनचा फिल्टर चोंदवतो. फिल्टर चोंदला की पंप ओढतो पण पाणी येत नाही, मग डायफ्राम ओढला जाऊन फाटतो, हे मी शेकडो पंपात पाहिलंय. पण जरा विचार करा, तिन्ही सिलिंडरला पाणी एकाच फिल्टरमधून येतं. पीटीओ ५४० च्या वर पळवला तरी तिन्ही सिलिंडर सारखेच पळतात. प्रेशर जास्त ठेवलं तर तिघांवर सारखंच. औषधाने रबर फुगलं तर तिन्ही फुगतील. एअर चेंबरमधली हवा कमी असली तर गेजचा काटा थरथरतो आणि दणका तिघांनाही बसतो.

आता निफाडकरांचा एकाच बाजूचा फाटतोय आणि बाकीचे दोन जानेवारीपासून जसेच्या तसे आहेत. म्हणजे वापरामुळे होणारं जे जे कारण आहे ते बाद होतं आणि दोष त्या एका सिलिंडरच्या काहीतरी भागात आहे. क्लेम लिहिताना हाच मुद्दा पहिल्या ओळीत पाहिजे. "डायफ्राम फाटला" असं लिहिलं की ते झिजणारा पार्ट म्हणून उडवून लावणार. "एकाच सिलिंडरमध्ये दोष आहे, डायफ्राम फाटणं हे त्याचं लक्षण आहे" असं लिहा.

आता मला सांगा, फाटलाय कुठे? मधे, बोल्टच्या वाटीजवळ? का बाहेरच्या कडेला जिथे हेड दाबलं जातं तिथे? आणि जुने डायफ्राम आहेत का मिस्त्री घेऊन गेला?

निफाडकर_बागायतदार

तात्या, तिसरा माझ्याकडे आहे, पहिले दोन मिस्त्रीने नेले. मधे जी गोल चकती बोल्टने आवळलेली असते तिच्या कडेला अर्धचंद्रासारखी चीर आहे, साधारण दोन इंच. दुसरा पण तिथेच फाटला होता, मोबाईलमध्ये फोटो आहे.

तात्या_पंपवाले

मग ऐका. चकतीच्या कडेला एकाच जागी अर्धचंद्र म्हणजे चकतीची कड. मशिनिंग झाल्यावर तिच्या कडेला बारीक धार राहिली असेल, ज्याला आपण बर म्हणतो, किंवा कडेला जी गोलाई पाहिजे ती दिलेली नसेल. डायफ्राम मिनिटाला पाचशेच्या वर वेळा त्या कडेवर वाकतो, धार असली की तिथेच कापला जाणार. रबर कडक झालेलं असतं तर चिरा सगळीकडे पडल्या असत्या, फुगलेलं असतं तर बोटाला मऊ लागलं असतं.

कसं बघायचं तर जुनी सुती धोतराची चिंधी घ्या, चकतीच्या कडेवरून हळूच फिरवा. जिथे धागा अडकेल तिथे धार. चिरेची जागा आणि धागा अडकण्याची जागा जुळली तर झालं तुमचं काम. पण एक गोष्ट हात जोडून सांगतो, पॉलिश पेपर मारू नका! आमच्याकडे येणारे निम्मे लोक आधी कानस फिरवून येतात, पंप सुधारतो पण क्लेम मरतो, पुरावाच राहत नाही. शिवाय वॉरंटीत पंप स्वतः खोललात की कंपनीला बोलायला जागा मिळते, त्यामुळे मिस्त्री समोर असताना त्याच्या हातून करून घ्या आणि व्हिडिओ काढा.

कॉम्प्रेसर_सिन्नर

माझा अनुभव सांगतो, पंप नाही पण स्क्रू कॉम्प्रेसर होता वर्कशॉपचा. क्लेम कशावर नाकारला माहितीय का? वॉरंटी "चालू केल्यापासून १२ महिने किंवा कंपनीतून निघाल्यापासून १८ महिने, यातलं जे आधी संपेल ते" अशी होती. मशीन डीलरच्या गोडाऊनला पडून होतं बरेच दिवस. मी हिशोब करतोय बिलाच्या तारखेपासून आणि ते करतायत त्यांच्या चलनाच्या तारखेपासून. खूप मनस्ताप झाला. तुमच्या कार्डावर मागच्या बाजूला बारीक अक्षरात काय लिहिलंय ते नीट वाचा आधी, आणि पंपाच्या पट्टीवर बनवल्याचा महिना असतो तो पण बघा.

आणि हो, एमएसएमई समाधानवर तक्रार टाकता येईल ना?

ॲड_गंगापूररोड

सिन्नरकर, समाधान पोर्टल छोट्या उद्योगांचे विकलेल्या मालाचे पैसे थकले तर आहे, खराब माल मिळाला त्यासाठी नाही. इथे ते लागू नाही.

निफाडकर, तुम्ही शेतकरी आहात, स्वतःच्या बागेसाठी ब्लोअर घेतलाय, ग्राहक संरक्षण कायदा २०१९ तुम्हाला लागू होतो. "व्यापारी कारणासाठी घेतलं, ग्राहक नाहीत" असा बचाव समोरचे घेतात, पण स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरलेली वस्तू त्यातून कायद्यानेच वगळली आहे, आणि बियाण्यांच्या एका प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने शेतकऱ्याला ग्राहक मानलेलं आहे. मात्र तोच ब्लोअर तुम्ही भाड्याने दुसऱ्यांच्या बागेत फिरवत असाल तर तो मुद्दा ते काढणार, हे आधी सांगून ठेवते.

मेल कुणाला, तर तिघांना एकाच मेलमध्ये. डीलर, ब्लोअर जोडणारी कंपनी, पंप बनवणारी कंपनी. तुमचा व्यवहार डीलरशी झाला, पैसे त्याने घेतले, त्यामुळे तो "कंपनीशी बोला" म्हणून बाजूला होऊ शकत नाही. एकेकाला वेगळा मेल केला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

द्राक्षराज७७

ताई पण मंचात वर्षानुवर्ष जातात, बाग काय तोपर्यंत थांबणार का.

ॲड_गंगापूररोड

बाग थांबणार नाही, मान्य. म्हणून आधी लेखी क्लेम, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार, बऱ्याच कंपन्या तिथूनच उत्तर देतात. आयोगात जायची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे, वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे नाशिकलाच दाखल करता येतं, कंपनी कुठलीही असो. पण वेळ लागतो हे द्राक्षराज म्हणतात ते खोटं नाही.

मनीषा_ओझर

बिलावर नंबर नाही म्हणताय तर ब्लोअर महाडीबीटीवरून अनुदानात घेतला होता का? आमचा तसा होता. कृषी विभागाचे लोक मोका तपासणीला आले तेव्हा मशीनचे फोटो काढले होते, पट्टीचे पण. आमच्या ह्यांनी ते फोटो त्यांच्याकडून मागून घेतले होते, नंतर विम्याला कामी आले.

निफाडकर_बागायतदार

हो ताई अनुदानातच! हे डोक्यातच आलं नव्हतं. तपासणीवेळी माझा भाचा उभा होता, त्याच्याही मोबाईलमध्ये फोटो आहेत, बघतो. वॉरंटी कार्ड पण सापडलं, त्यावर डीलरचा शिक्का आणि ब्लोअरचा नंबर आहे, पंपाचा रकाना मात्र कोरा सोडलाय त्याने. भाड्याने फिरवत नाही ताई, आमचीच साडेतीन एकर आहे.

तात्या_पंपवाले

कोरा रकाना हा डीलरचा आळस आहे, पण तोच आता तुम्हाला कामी येईल. डीलरकडून त्याच्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्या, की अमुक नंबरच्या बिलाने दिलेल्या अमुक नंबरच्या ब्लोअरवर अमुक नंबरचा पंप कंपनीकडूनच बसून आला होता. सही, शिक्का, तारीख. तो देईल, कारण त्याच्याकडेही ब्लोअर आल्याचं बिल असणारच. कार्डावर आता स्वतः पेनने नंबर घालू नका, खाडाखोड वाटते.

ॲड_गंगापूररोड

आणि डीलर म्हणाला जुनी बिलं नाहीत, तर जीएसटीमध्ये त्याला हिशोबाची कागदपत्रं सहा वर्षांच्या आसपास ठेवावीच लागतात. गोड बोलून आठवण करून द्या. मूळ बिल कुणाच्याही हातात देऊ नका, सही केलेली झेरॉक्स द्या.

शेतीमित्र_दिंडोरी

डावणीसाठी सध्या काय मारताय? आमच्याकडे पण खूप आलीय, कुणी सांगेल का.

मनीषा_ओझर

दादा त्यासाठी वेगळा धागा चालू आहे, इथे पंपाचं चाललंय.

निफाडकर_बागायतदार

मिस्त्री आला होता, तात्यांनी सांगितलं तसं केलं. चिंधी एकाच ठिकाणी अडकली, आणि चीर बरोब्बर तिथेच! दुसऱ्या दोन सिलिंडरच्या चकत्यांवर चिंधी सरळ घसरते. व्हिडिओ काढला. मिस्त्री पण गप्प झाला, मग म्हणाला असं कधी बघितलं नव्हतं. मसुदा लिहिलाय, बघा बरं:

> विषय: पंपात निर्मिती दोष असल्याने वॉरंटीत बदलून मिळण्याबाबत
>
> मी १८ जानेवारी २०२५ रोजी आपल्या डीलरकडून ६०० लिटर ब्लोअर घेतला. पंप घेतल्यापासून सारखा त्रास देत आहे. आतापर्यंत तीनदा डायफ्राम फाटला असून माझं खूप नुकसान झालं आहे. आपण पंप ताबडतोब बदलून द्यावा अन्यथा कायदेशीर कारवाई करावी लागेल. बिल सोबत जोडलं आहे.

तात्या_पंपवाले

यात राग आहे पण चकती कुठेय? कंपनीत हा मेल ज्याच्यापुढे जाईल तो क्वालिटीवाला इंजिनिअर असेल असं समजून लिहा. त्याला नुकसान नंतर वाचू दे, आधी त्याला समजलं पाहिजे की दोष कुठल्या सिलिंडरच्या कुठल्या भागात आहे. सिलिंडर ओळखता येईल असं पण लिहा, "पीटीओच्या बाजूने उभं राहिल्यावर उजवीकडचा" असं काहीतरी. आणि "घेतल्यापासून त्रास" कशाला लिहिता? सप्टेंबरपर्यंत चाललाच ना, खरं तेच लिहा, एक गोष्ट चुकीची निघाली की बाकीच्यावर विश्वास राहत नाही.

ॲड_गंगापूररोड

तात्यांशी सहमत. आणि कायदेशीर कारवाईची धमकी पहिल्या पत्रात नको, त्याऐवजी उत्तरासाठी एक तारीख द्या. मागणी पण नेमकी पाहिजे. मी जरा बदलून देते, तुमच्या तारखा घाला:

> विषय: ब्लोअर क्र. ____, पंप क्र. ____, एका सिलिंडरच्या चकतीतील निर्मिती दोषाबाबत वॉरंटी क्लेम
>
> पीटीओच्या बाजूने पाहता उजवीकडच्या सिलिंडरचा डायफ्राम तीन वेळा एकाच ठिकाणी, मधल्या चकतीच्या कडेलगत अर्धगोल फाटला आहे. उरलेल्या दोन सिलिंडरचे मूळ डायफ्राम बदलावे लागलेले नाहीत. पाणी, औषध, प्रेशर आणि पीटीओचा वेग तिन्ही सिलिंडरना एकच आहे.
>
> तारीख ____ रोजी आपल्या मिस्त्रींच्या उपस्थितीत तपासले असता त्या चकतीच्या कडेला धार आढळली. ती जागा आणि डायफ्रामची चीर जुळते. इतर दोन चकत्यांना अशी धार नाही. व्हिडिओ व फोटो सोबत आहेत. चकतीवर कोणतेही घासकाम केलेले नाही, फाटलेला डायफ्राम जपून ठेवला आहे. पहिले दोन डायफ्राम आपल्या मिस्त्रींकडे आहेत.
>
> पंप १५ ते २० किलो प्रेशरवर, ५४० पीटीओवर चालवला आहे. माझी मागणी डायफ्रामची नसून, सदोष चकती व त्या सिलिंडरचे संबंधित भाग बदलून मिळावेत आणि ऑइलमध्ये पाणी गेल्याने शाफ्ट व बेअरिंग तपासून आवश्यक असल्यास बदलून मिळावेत ही आहे. ते शक्य नसल्यास पंप बदलून मिळावा.
>
> सोबत: बिल, वॉरंटी कार्ड, डीलरचे पत्र, मोका तपासणीतील पट्टीचा फोटो, तिन्ही वेळचे जॉब कार्ड. तारीख ____ पर्यंत लेखी उत्तर मिळावे.

निफाडकर_बागायतदार

ताई आभारी आहे. पण जॉब कार्ड एकदाच दिलंय, त्यावर "डायफ्राम बदलला" एवढंच. कुठल्या बाजूचा ते नाही.

कॉम्प्रेसर_सिन्नर

हेच, हेच! माझ्याही कार्डावर "सर्व्हिस केली" एवढंच होतं. सही करायच्या आधी आपण स्वतः लिहायला लावायचं असतं.

तात्या_पंपवाले

आज आला होता त्याच्याकडून आजच्या कार्डावर तरी लिहून घ्यायचं, उजवा सिलिंडर, चकतीला धार, तीनदा बदलला. दुसऱ्यांदाचा फोटो आहे म्हणालात, तो मूळ फाइल म्हणूनच ठेवा. व्हॉट्सअपवरून गेला की त्यातली तारीख वगैरे निघून जाते, म्हणून मेलला जोडताना मोबाईलमधला मूळच जोडा.

एक शंका मला आहे ती पण सांगतो, कंपनीचा इंजिनिअर विचारणारच. त्या बाजूचा सक्शन व्हॉल्व अडकला असेल तर सुद्धा एकाच सिलिंडरचा फाटू शकतो. त्यात चीर सहसा कडेला नेमकी एकाच जागी येत नाही, रबर ओढल्यासारखं दिसतं, पण नाकारायला त्यांना एवढं पुरतं. म्हणून मिस्त्रीला त्या बाजूचे व्हॉल्व दुसऱ्या बाजूला आणि तिकडचे इकडे लावायला सांगा. नवीन डायफ्राम टाकून चालवल्यावर परत उजवाच फाटला तर व्हॉल्व सुटला यातून.

द्राक्षराज७७

तात्या म्हणजे अजून एक डायफ्राम फाडायचा? आणि ऑइल परत बागेत? हे मला काही पटत नाही, चकतीला धार दिसतेय, व्हिडिओ आहे, अजून काय पाहिजे.

तात्या_पंपवाले

साध्या पाण्यावर चालवायचं ओ, बागेत नाही. पण तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही, फवारणीच्या हंगामात हे करत बसणं अवघड आहे. निफाडकरांनी ठरवावं.

निफाडकर_बागायतदार

व्हॉल्व बदलून बघायला वेळ नाही तात्या, शेजाऱ्याचा ब्लोअर दोन दिवसाआड मागून फवारतोय. मेल तसाच पाठवला, तिघांना. मिस्त्रीने कार्डावर लिहून दिलं सगळं, भला माणूस आहे.

मनीषा_ओझर

काय झालं मग? कळवा.

निफाडकर_बागायतदार

उत्तर आलं. ब्लोअरवाल्यांनी डायफ्राम झिजणारा पार्ट म्हणून परत तेच लिहिलं, पण पंपाच्या कंपनीचा इंजिनिअर स्वतः फोनवर बोलला, व्हिडिओ बघितला म्हणाला, आणि उजव्या सिलिंडरची चकती, पिस्टन आणि बुश असा सेट पाठवायला तयार आहेत. पूर्ण पंप देणार नाहीत. बेअरिंगचं त्याने काही लिहिलं नाही. आणि डीलरने एक कागद पाठवलाय सही करायला, "तक्रारीचे पूर्ण निराकरण झाले, यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही".

ॲड_गंगापूररोड

त्या कागदावर सही करू नका. सेट मिळाल्याची पावती द्या, त्यावर स्वतःच्या हाताने लिहा की पार्ट मिळाले, बसवून चाचणी बाकी, बेअरिंग व शाफ्टची मागणी कायम. त्याचा फोटो लगेच मेलवर टाका. बदललेल्या सेटची वॉरंटी सहसा मूळ वर्षापुरतीच असते, म्हणजे तुमची जानेवारीत संपेल, कार्डावर वेगळं लिहिलं असेल तरच वेगळं. त्याआधी जे म्हणायचंय ते लेखी म्हणून ठेवा.

तात्या_पंपवाले

सेट बसवताना जुनं ऑइल पूर्ण काढा, पांढरं झालेलं सगळं, नुसतं टॉपअप नको. त्या ऑइलमध्ये पाणी किती दिवस राहिलं त्यावर बेअरिंगचं भवितव्य आहे. शाफ्ट हाताने फिरवून बघा, खरखर लागली तर त्याच वेळी व्हिडिओ. आणि जुनी चकती परत देऊ नका असं मी म्हणणार होतो, पण कंपन्या जुना पार्ट परत मागतात, दिल्याशिवाय नवा सोडत नाहीत. ताई, याला काय करायचं?

ॲड_गंगापूररोड

द्यावी लागली तर पावती घेऊन द्या, त्यावर चकतीला धार असल्याचं लिहून. पण मला विचाराल तर बेअरिंगचं उत्तर येईपर्यंत माझ्या अशिलाला मी द्यायला सांगितली नसती.

द्राक्षराज७७

आणि तोपर्यंत सेट अडवला तर? हंगाम चालू आहे ताई.

निफाडकर_बागायतदार

उद्या मिस्त्री सेट घेऊन येतोय. चकती देतो, पावतीवर धारेचं लिहून घेतो, तो लिहायला तयार आहे. शाफ्ट फिरवून बघितला, थोडी खरखर वाटतेय पण मला ओळखता येईना, तात्या व्हिडिओ टाकतोय, आवाज ऐकून सांगा.

तात्या_पंपवाले

ऐकला. मागे ट्रॅक्टर चालू आहे का? तो बंद करून परत काढा, नुसता पंप हाताने फिरवा.